दिवसाला 312 माणसं: धारणक्षमतेचा हा आकडा नक्की काय सांगतो?

डोंगरवाट
मंडळी, थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा. आमच्या भागातल्या एका डोंगरकड्यावर जाणारी पायवाट आहे, जेमतेम 2 किलोमीटर, वर टोकाला कडा आणि खाली दरीचा नजारा. दहा वर्षांपूर्वी कुत्रं फिरकत नव्हतं, आता सुट्टीच्या दिवशी रांग लागते. वाटेची वाट लागली (कोटी आपोआप झाली), म्हणून एक समिती नेमली गेली आणि मी नको नको म्हणत असताना त्यात घुसवला गेलो. समितीला एकच काम आहे, वाटेची धारणक्षमता काढा, म्हणजे वाट न बिघडता दिवसाला किती माणसं सोडायची तो आकडा द्या.

समितीतल्या एका इंजिनियर गृहस्थांनी सिफुएन्तेसची पद्धत काढली. मिगेल सिफुएन्तेस नावाच्या माणसाने 1992 मध्ये कोस्टा रिकात ती लिहून काढली आणि तेव्हापासून जगभर अनेक अभयारण्यांत ती वापरतात म्हणे. इंजिनियर साहेबांचं गणित असं. वाट 2000 मीटर, एका माणसाला 1 मीटर जागा, म्हणजे एका वेळी 2000 माणसं. जाऊन येऊन 2 तास लागतात आणि वाट 8 तास उघडी, म्हणजे दिवसात चार फेऱ्या, झाले 8000. ही झाली कागदावरची क्षमता. मग कात्री लावायची. गर्दी वाटू नये म्हणून दहा-दहाचे गट आणि दोन गटांत 50 मीटर अंतर, म्हणजे एक गट 60 मीटर खातो, एका वेळी मावले 333 लोक, चार फेऱ्यांचे 1332. चढाच्या मातीची धूप होते म्हणून गुणिले 0.7, उरले 932. वर्षातले चार महिने पाऊस म्हणून गुणिले 0.67, साधारण 625. आणि राखायला माणसंच निम्मी आहेत म्हणून त्याचे निम्मे, 312.

बैठकीत सगळे खूष. मी मात्र घरी येऊन विचार करत बसलो की हा 312 नक्की कशाचा आहे? 313वा माणूस आला तर काय होईल? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या आकड्याच्या निम्मी माणसं असतानाच वाट खराब झालीये, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

चष्मिस
चांगला विषय. आमच्याकडेही हेच. मुळात पार्किंग कमी पडतं. गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावतात, अँब्युलन्स जाऊ शकत नाही. तुम्ही 312 माणसं म्हणताय तर एका गाडीत चार धरले तर 78 गाड्यांची सोय बघा, बाकी आपोआप सुटेल.

डोंगरवाट
@चष्मिस दादा, पार्किंगचा प्रश्न आहेच, पण मी वाटेच्या तब्येतीबद्दल विचारतोय हो. पार्किंग वाढवलं की माणसं वाढतात हेही आम्ही पाहून झालंय.

बंडूनाना
साधी गोष्ट आहे. एकाच वाटेवर सगळा भार कशाला? कड्यावर जायला आणखी दोन वाटा पाडा, लोकांना वाटून द्या. तीन वाटांवर शंभर-शंभर माणसं आली की कुठल्याच वाटेवर ताण नाही. गुरं एकाच कुरणात चारत नाहीत कोणी, आळीपाळीने चारतात, तसंच हे. मला वाटतं गर्दी पांगवणं हाच जगमान्य उपाय आहे.

गोगलगाय
बंडूनाना, तुमचा उपाय ऐकायला बरोबर वाटतो आणि काही ठिकाणी बरोबर असतोही, पण इथे तो उलटा पडेल. मी बरीच वर्षं डोंगरवाटांची मापं घेतलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गवतावर माणूस चालला की नुकसान किती होतं हे बघायचे प्रयोग झालेत. डेव्हिड कोल आणि नील बेफिल्ड या दोघांनी 1993 मध्ये त्याची एक ठरावीक रीत मांडली. न तुडवलेल्या झाडोऱ्यावर दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद अशा पट्ट्या आखायच्या, एका पट्टीवरून 25 वेळा चालायचं, दुसरीवरून 75, मग 200, मग 500, आणि एक पट्टी तशीच सोडायची. मग किती हिरवं उरलं ते मोजायचं, आणि वर्षभराने परत मोजायचं. यातून जी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते ती अशी, की पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतेक नुकसान होऊन जातं. सावलीतल्या रुंद पानांच्या नाजूक झाडोऱ्याचं तर पंचवीस-पंचाहत्तरमध्येच मातेरं होतं, चिवट गवत जरा तग धरतं. नंतर मात्र जमीन उघडी झालेलीच असते, त्यावरून पाचशे गेले काय आणि पाच हजार गेले काय, झाडोऱ्याच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही.

आता नानांच्या तीन वाटा घ्या. 312 ला तीनने भागलं, 104. प्रत्येकजण वर जातो आणि खाली येतो म्हणजे 208 पावलांच्या फेऱ्या दिवसाला. नव्या वाटेवर पाचशेचा टप्पा तिसऱ्या दिवशी ओलांडला. आठवडा उलटायच्या आत एका जखमेच्या तीन जखमा. पांगवणं चालतं ते जिथे माणसं अगदीच विरळ येतात तिथे, आठवड्याला पाच-सात, आणि तीही वेगवेगळ्या जागेवरून गेली तर. त्याच्या वर गेलं की लोकांना एकाच वाटेवर आणायचं आणि ती वाट भक्कम करायची, उलट सगळी ताकद त्या एकाच रेषेवर लावायची. गुरांच्या कुरणाचं उदाहरण चांगलंय, पण कुरणाला मध्ये विश्रांती मिळते, पर्यटकांच्या तिन्ही वाटा रोज चालू राहणार.

बंडूनाना
बरं, मग आळीपाळीने वाटा बंद ठेवा की. एक वर्ष ही, एक वर्ष ती.

गोगलगाय
नाना, तुडवायला तीन दिवस लागतात आणि भरून यायला कित्येक वर्षं, उंचावर तर फारच. आळीपाळीचं गणित तिथेच फसतं. गुरांच्या कुरणात गवत महिन्याभरात उभं राहतं, म्हणून तिथे ते जमतं.

खवट
मला एक सांगा, हे 50 मीटर अंतर कुठून आलं? मी आत्ता मोबाईलवर गणित केलं. 50 च्या जागी 25 मीटर धरा, गट 35 मीटर खाईल, एका वेळी 571 माणसं, आणि बाकी सगळे गुणक तेच ठेवले तर शेवटी येतात 536. म्हणजे कोणीतरी खुर्चीत बसून अंतर बदललं की डोंगराची क्षमता सव्वादोनशेने वाढली? डोंगर तोच, माती तीच! हे शास्त्र आहे की लिलाव?

डोंगरवाट
@खवट अगदी हेच! आमच्या बैठकीतही कुणीतरी म्हणालं "तीस मीटर धरू या, व्यापाऱ्यांना बरं पडेल". मला बोलायला शब्द सुचेनात.

गोगलगाय
खवट, मोबाईलवर चुटकीसरशी केलेलं गणित पण चपखल आहे. ते पन्नास मीटर म्हणजे माणसाला माणूस दिसला की कंटाळा येतो का, याचं माप आहे, मातीचं नाही. ती एक आवड झाली. आवड हिशोबात घ्यायला काहीच हरकत नाही, पण ती निसर्गाची मर्यादा म्हणून छापू नका.

माझी जास्त तक्रार पावसाच्या गुणकाबद्दल आहे. वर्षाचे चार महिने ओले म्हणून वर्षभरच्या रोजच्या आकड्याला 0.67 ने गुणलं. याचा अर्थ काय झाला बघा, कोरड्या दिवशीही तुम्ही लोक कमी करताय, जेव्हा माती टणक आहे आणि तिला फारसं काही होत नाही, आणि चिखलाच्या दिवशी तेच 312 सोडताय, जेव्हा पन्नास माणसंही पुरेशी घाण करतात. सरासरी काढली की दोन्हीकडे चूक. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून आंधळेपणाने उतरू नये, तसलाच प्रकार.

ओली माती वेगळी का वागते तेही सांगतो कारण सगळी गोम तिथेच आहे. चांगल्या मातीत बारीक-बारीक पोकळ्या असतात, त्यातून पाणी मुरतं. ओल्या मातीवर पाय पडला की त्या पोकळ्या दाबून बंद होतात, मग पुढचा पाऊस मुरायच्या ऐवजी वाटेवरूनच वाहत जातो. वाट सरळ उताराच्या दिशेने असेल तर ती वाट राहत नाही, तो ओहोळ होतो. पाणी मधली माती खरवडून नेतं, मध्ये खाच पडते, दगड आणि मुळं उघडी पडतात. आता लोक त्या खाचेतून चालत नाहीत, निसरडं आहे म्हणून कडेच्या गवतावरून जातात. कड तुटते, वाट रुंद होते, मग दुसरी समांतर वाट, मग तिसरी. डोंगरवाट, तुमच्या वाटेवर जिथे सगळ्यात वाईट आहे तिथे उतार सरळ खाली आहे ना?

डोंगरवाट
हो हो! वरच्या टोकाजवळ साधारण चारशे मीटरचा पट्टा सरळ नाकासमोर चढतो. बाकीचा भाग डोंगराला वळसा घालत जातो आणि तो बऱ्यापैकी ठीक आहे, रोज तीच माणसं दोन्हीवरून जातात तरीही. हे मी आधी कधी असं पाहिलंच नव्हतं.

गोगलगाय
मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. तीच माणसं, तीच पावलं, एक भाग धड आणि एक भाग उद्ध्वस्त. म्हणजे दोष संख्येपेक्षा आखणीत जास्त. वाटा आखणारे एक ढोबळ नियम पाळतात, की वाटेचा चढ हा त्या जागच्या डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. तेवढा ठेवला तर वाटेवर आलेलं पाणी कडेने खाली निघून जातं, वाटेवरून धावत नाही. तुमचा चारशे मीटर पट्टा हा नियम मोडतो म्हणून तो पाण्याचा पाट झालाय. इंजिनियर साहेबांनी धुपीसाठी 0.7 लावला, म्हणजे काय, तर एकूण माणसं तीस टक्के कमी केली. पण त्या चारशे मीटरवर तीस टक्के कमी माणसं गेली तरी ओहोळ ओहोळच राहतो.

आणि आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही. खाच एकदा खोल झाली की पुढची धूप पाणी करतं, पाय नाही. अशी एक वाट पूर्ण बंद केलेली मी पाहिलीये, दोन पावसाळे एकही माणूस गेला नाही, तरी खाच खोलच होत गेली. तेव्हा कोटा लावून बसलात आणि पाणी काढून दिलं नाहीत तर कोटा कितीही लावा.

ओहोटी
डोंगराचं वाचून मजा वाटली कारण समुद्रातही अगदी हेच दिसतं, मी पाण्याखालच्या प्रवाळांचं सर्वेक्षण करते. थायलंडची माया बे घ्या. ती छोटीशी खाडी, 2018 च्या आधी दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं यायची, आणि स्पीडबोटी थेट वाळूला लागायच्या. जून 2018 मध्ये ती बंद केली, थोड्या महिन्यांसाठी म्हणून, आणि उघडली थेट जानेवारी 2022 मध्ये. उघडताना त्यांनी संख्या तर कमी केलीच, एका वेळी 375 माणसं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोटी खाडीत येणंच बंद केलं. आता बोट बेटाच्या मागच्या बाजूच्या धक्क्याला लागते, लोक चालत पलीकडे येतात, आणि पाण्यात पोहायला मनाई आहे. बंदीच्या काळात काळ्या टोकाचे छोटे शार्क परत आले होते.

आता विचार करा. प्रवाळ मोडतात कशाने? नांगराने, पंख्याने ढवळून वर आलेल्या गाळाने, आणि उथळ पाण्यात उभं राहणाऱ्यांच्या पायांनी. वाळूवर बसून फोटो काढणारा माणूस प्रवाळाला फारसं काही करत नाही. म्हणजे पाच हजार हा आकडाच मुळात चुकीच्या गोष्टीचा होता, खरा प्रश्न "किती नांगर पडतात" हा होता. तिथेही दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा बंद ठेवतात, संख्या मर्यादित असूनही. त्यावरून कळतं की नुसत्या कोट्यावर त्यांचाही भरवसा नाही.

खवट
375 एका वेळी, तासाला एक फेरी धरली तरी दिवसाचे तीन-साडेतीन हजार होतात की. पाच हजारवरून साडेतीन हजार. याला निसर्ग वाचवणं म्हणतात होय!

ओहोटी
खवट, तुम्ही म्हणता ते खरंय, संख्या काही एकदशांशावर नाही आली. पण त्यातले सगळे नांगर गेले. तोच माझा मुद्दा आहे. माझा एक आक्षेप मात्र आहे, पायी येणाऱ्यांसाठी बेटाच्या मधून बांधलेला रस्ता झाडांचं काय करतो, ते बघायला हवं. एका जागचा भार काढून दुसऱ्या जागी ठेवला, असं तर नाही ना.

रेताड
नमस्कार, मी वाचत होतो गुपचूप. आमचं किनाऱ्यावर छोटं राहण्या-जेवणाचं आहे, सहा खोल्या. तुम्ही सगळे वाट आणि वाळू म्हणताय, आमच्याकडे वाळूला काही झालं नाही, विहीर खारट झाली. दहा वर्षांपूर्वी गोडं पाणी होतं. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घातला की आकडा बघून घाबरायला होतं, पावसानंतर परत उतरतो. आजूबाजूला नवीन बांधकामं झाली, सगळ्यांनी बोअर मारले. याला पण धारणक्षमता म्हणतात का? कारण आमच्या पंचायतीत चर्चा फक्त किनाऱ्यावर किती छत्र्या लावायच्या यावर चालते.

ओहोटी
रेताड दादा, हो, आणि किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी हीच पहिली मर्यादा असते. वाळूवर हजार माणसं मावतात, पण त्यांच्या अंघोळीचं पाणी मावत नाही.

किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते थोडंसं हलकं असतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, बस, एवढ्याच फरकावर सगळा खेळ. त्यामुळे हिशोब असा बसतो की भूजलाची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल तर तिच्याखाली साधारण 40 मीटर गोडं पाणी असतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्याचा उलटा अर्थ बघा, उपसा करून पातळी अर्धा मीटर उतरवली तर खालून खारं पाणी हळूहळू 20 मीटर वर सरकू शकतं. डोळ्यांना वर अर्धा मीटर दिसतं, खाली वीस मीटर गेलेलं असतं. आणि जिथे जोरात पंप लावलाय तिथे खारं पाणी सुळक्यासारखं वर येतं, नेमकं बोअरच्या खाली.

तुमच्याकडे सुट्टीचा हंगाम कोरड्या दिवसांत येतो, म्हणजे विहिरीत सगळ्यात कमी पाणी असताना सगळ्यात जास्त माणसं. वर्षाची सरासरी काढून "पाणी पुरेसं आहे" असं सांगणारे अहवाल म्हणूनच खोटे निघतात. गोगलगाय यांच्या पावसाच्या गुणकाचीच ही बहीण.

रेताड
अगदी बरोबर, एप्रिल-मेमध्येच होतं. पण ताई, मी एकट्याने कमी उपसा केला तर शेजाऱ्याचा पंप तेवढंच जास्त ओढतो. मग मी का सोसायचं?

ओहोटी
याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पाणी एकच आहे, पंप वीस आहेत. सगळ्यांनी मिळून किनाऱ्यापासून जरा आत, थोड्या थोड्या उथळ विहिरींतून हळूहळू उपसा केला तर सुळका येत नाही, एका खोल बोअरने जोरात ओढलं तर येतो. पण हे सगळ्यांना पटवणार कोण? ते माझं क्षेत्र नाही.

बंडूनाना
बघा, इथे तरी पांगवणं चाललंच!

ओहोटी
नाना 😄 हो, इथे तुमचं बरोबर आहे. पाण्याला पांगवणं चालतं, पायांना नाही.

खवट
आकडे देणारे लोक हुशार असतात तेही सांगतो. फिलिपाइन्सचं बोराकाय बेट, सांडपाणी समुद्रात, किनाऱ्यावर हिरवं शेवाळ, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला गटार म्हटलं आणि 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने सगळं बेट पर्यटकांना बंद. नंतर आकडा जाहीर झाला, एका वेळी बेटावर 19,215 पर्यटक, आणि दिवसाला नवे 6,405. बघा, 19,215 भागिले 3 बरोबर 6,405. म्हणजे प्रत्येकजण सरासरी तीन दिवस राहील असं गृहीत धरलंय, दुसरं काही नाही. एखाद्या मोसमात लोक चार दिवस राहायला लागले, की रोजचे 6,405 सोडूनही बेटावर 25,620 होतात. नियम न मोडता क्षमता मोडली!

गोगलगाय
वा खवट, हे मी कधी भागून पाहिलं नव्हतं. आणि 2022 च्या ईस्टरच्या आठवड्यात तिथे प्रत्यक्षात 19,215 ची मर्यादा ओलांडली गेलीच, तेव्हा खूप चर्चा झाली होती. पण एक बाजू मांडतो, बोराकायला सहा महिन्यांत फायदा झाला तो आकड्यामुळे कमी आणि सांडपाण्याच्या नळ्या तोडल्यामुळे, समुद्राला चिकटलेली बांधकामं मागे हटवल्यामुळे जास्त. तिथली मर्यादा गटाराची होती, म्हणून गटार सुधारलं की तेवढी माणसं जास्त झेपली. याचा अर्थ धारणक्षमता ही डोंगराच्या किंवा बेटाच्या पोटात कोरलेली एक ठरलेली संख्या नाही, ती तुमच्या व्यवस्थेवर हलते. त्यामुळेच मला तो निम्मा गुणक, तो राखणदारांचा, सगळ्यात गमतीशीर वाटतो. उद्या समितीने दहा राखणदार जास्त नेमले तर गणितात माणसं वाढतील, पण ते राखणदार वाटेवर काय करणार आहेत, हे गणित विचारतच नाही.

डोंगरवाट
मग आकडा द्यायचाच नाही का? मला समितीला काहीतरी लिहून द्यावं लागेल. "डोंगराचं बघा" असं लिहून चालणार नाही.

गोगलगाय
आकडा द्या, पण शेवटी द्या. 1985 मध्ये अमेरिकेच्या वनखात्यातल्या लोकांनी याच वैतागातून दुसरी रीत काढली, स्टॅन्की, कोल वगैरे मंडळी. मोंटानातल्या बॉब मार्शल रानात ती प्रथम वापरली. त्यांनी प्रश्नच फिरवला. किती माणसं झेपतील ऐवजी, किती बिघाड आम्ही खपवून घेणार? तो बिघाड कशाने मोजणार? आणि त्या रेषेला पोहोचलो की काय करणार, हे आधीच लिहून ठेवणार का? बिघाड शून्य होणार नाही हे त्यात मान्य आहे, लोकांना तेच पचत नाही.

तुमच्यासाठी असं सुचवतो. त्या चारशे मीटर पट्ट्यावर दहा ठिकाणं निवडा, प्रत्येक चाळीस मीटरवर एक, आधीच ठरवून, म्हणजे तुम्ही वाईट जागा शोधून मोजताय असा आरोप नको. प्रत्येक ठिकाणी वाटेच्या दोन्ही कडांना, गवताच्या जरा आत, जमिनीत एकेक लोखंडी खिळा ठोका आणि त्यांची जागा ओळखून ठेवा. दर मोजणीला दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणून बांधायची, दर दहा सेंटीमीटरवर दोरीपासून जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते टेपने मोजायचं. सगळी मापं वहीत. पुढच्या वर्षी तेच खिळे, तीच दोरी. दोरीखालची पोकळी किती वाढली तेवढी माती गेली. खर्च म्हणावा तर दोरी आणि टेप. सोबत उघडी रुंदी किती ते मोजा आणि समांतर वाटा किती झाल्या ते लिहा. तीन आकडे पुरेत, जास्त घेतले की दुसऱ्या वर्षी कोणी मोजत नाही. मी हे स्वतः भोगलंय, एकदा पंधरा निर्देशक ठरवले आणि पहिल्याच पावसानंतर वही हरवली.

मग रेषा ठरवा. उदाहरणार्थ, रुंदी आज जेवढी आहे त्याच्या दीडपट झाली तर काय करणार? पाणी वळवायला दगडांच्या आडव्या पट्ट्या टाकणार, की पावसात वाट बंद ठेवणार, की तो पट्टा वळणावळणाने नव्याने आखणार? हे आधी लिहिलं नाही तर रेषा ओलांडली की रेषाच सरकते. तीस मीटरवाले व्यापारी तेव्हाही असतीलच.

खवट
आणि ती दीडपट कोण ठरवणार? ती पण आवडच झाली.

गोगलगाय
हो. आवडच. फरक एवढाच की ती आवड उघड्यावर आहे, त्यावर भांडता येतं. 0.67 शी भांडता येत नाही कारण कुणालाच कळत नाही तो काय म्हणतोय.

चष्मिस
पण मग गाड्यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

ओहोटी
चष्मिस, तुमच्या प्रश्नात गंमत आहे, पार्किंगमुळे आपोआप एक मर्यादा बसते आणि लोक ती मुकाट मान्यही करतात, कारण जागा भरली की भरली. कोट्यावर भांडतात, भरलेल्या पार्किंगवर फार तर चिडतात. त्यामुळे वाटेसाठी माणसं मोजायची तर पार्किंग लहान ठेवणं हे हत्यार म्हणून वाईट नाही. मात्र लोक मग लांब रस्त्यावर लावून चालत येतात, तुम्ही सांगितलेली अँब्युलन्सची गोष्ट.

डोंगरवाट
एवढं सगळं झाल्यावर मला एकच शंका राहिली. पावसात वाट बंद ठेवायची असेल तर ती कुठल्या दिवशी, तारीख ठरवायची की मातीवर? तारीख ठरवली तर कोरड्या वर्षी लोक बोंब मारतील, मातीवर ठरवली तर सकाळी सहाला कोण वर जाऊन माती चिमटीत धरणार?

गोगलगाय
माती चिमटीत धरणंच खरं, पण रोज कोणी जात नाही हेही खरं. आम्ही एके ठिकाणी तळाशी लाकडी खांब रोवून त्याच्याभोवती बुटाने दाबून पाहायचो, ठसा ओला चकचकीत राहिला तर वाट बंद. चढावरची माती आणि तळाची माती सारखी नसल्याने दोनदा फसलो. यापेक्षा बरी रीत मला अजून सापडली नाही.

रेताड
गोगलगाय दादा, तुमच्या दोरी-खिळ्यासारखं विहिरीसाठी काय मोजू? मी सध्या फक्त टीडीएस बघतो, तोही आठवण झाली की.

ओहोटी
रेताड दादा, टीडीएस दर पंधरवड्याला एकाच वेळी, पहाटे उपसा सुरू व्हायच्या आधी. आणि विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून खोलीही लिहा. दोन्ही एकत्र बघितले तरच कळेल की खारेपणा उपशामुळे वाढतोय की भरतीच्या दिवसांमुळे. शेजाऱ्यांच्या विहिरींतही मोजता आलं तर सोन्याहून पिवळं, पण ते देतील का मापं?

रेताड
एक देईल. दुसऱ्याशी आमचं बोलणं नाही, बांधावरून.

डोंगरवाट
मी रविवारी खिळे घेऊन वर जातोय. इंजिनियर साहेबांनाही बोलावलंय, दोरीचं एक टोक ते धरतील म्हणाले. 312 काढून टाकायला मात्र ते तयार नाहीत.